ठिपके-चौकोन: शेवटपर्यंत पुढे असूनही हरण्याचं दुखणं आणि त्याची तपासणी

दुखणं असं आहे. वहीच्या पानावर पाच बाय पाच ठिपके काढायचे. एकेक आडवी-उभी रेघ ओढत जायचं, जो चौथी रेघ ओढून घर बंद करेल ते घर त्याचं, आणि घर मिळालं की त्यालाच आणखी एक रेघ. अर्धा डाव अगदी सावध होतो. कोणी कुणाला काही देत नाही. मग एक वेळ येते की बिनधोक रेघच उरत नाही, कुणीतरी काहीतरी द्यायलाच लागतं. समोरचा देतो, मी तीन घरं घेते, पुढे जाते, मनात म्हणते आज जिंकले. आणि पाच मिनिटांत १०-६ अशी हरलेली असते.

इंदूरला रामबागेत आत्याकडे दर रविवारी माझं हेच व्हायचं. सकाळचे पोहे झाले की ती जुन्या हिशेबाच्या वहीचा कोरा भाग उघडायची आणि ठिपके मांडायची. ती नेहमी म्हणायची, "तू कर सुरुवात." मला वाटायचं, मोठेपणा देतेय. तो मोठेपणा होता की आणखी काही, ते पुढे येईलच.

ज्यांना माझ्यासारखं वारंवार होतं त्यांच्यासाठी लिहितेय. तुम्हाला "दोन घरं सोडून द्यायची" ही युक्ती ठाऊक असेल आणि तरी हरत असाल, तर बिघाड बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी असतो. मी तिन्ही जागी चुकत होते, तेही एकाच मांडणीवर. म्हणून तीच मांडणी घेऊन सांगते.

मांडणी

१६ घरं, २५ ठिपके. मी पहिली, आत्या दुसरी. दोघींच्या मिळून १८ रेघा झाल्यात, एकही घर बंद झालेलं नाही, आणि आता पाळी माझी. प्रत्येक घराच्या बरोबर दोन बाजू बंद आणि दोन उघड्या आहेत, म्हणजे कुठेही रेघ ओढली तरी समोरच्याला काहीतरी मिळणारच. उघड्या बाजूंनी एकमेकांना जोडलेली घरं म्हणजे एक साखळी. खालच्या चित्रात प्रत्येक घरात त्याच्या साखळीची लांबी लिहिली आहे:

```
३ ३ ३ १
४ ४ ४ ४
५ ५ ५ २
१ ५ ५ २
```

वरच्या ओळीतली तीन घरं ही एक साखळी. तिचं एक टोक डावीकडे बाहेर उघडतं, दुसरं तिसऱ्या घराच्या डोक्यावर. दुसरी ओळ अख्खी चारची साखळी, डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत. पाचची साखळी तिसऱ्या ओळीत डावीकडून शिरते, उजवीकडे जाते, खाली वळते आणि शेवटच्या ओळीतल्या दुसऱ्या घराच्या तळातून बाहेर पडते. उजव्या खालच्या कोपऱ्यात दोनची जोडी. उजवीकडे वरचा कोपरा आणि डावीकडे खालचा कोपरा ही दोन सुटी घरं. कागदावर काढून बघा, नुसतं वाचून हे डोळ्यासमोर येत नाही.

तीन किंवा जास्त घरांची ती लांब साखळी. इथे लांब साखळ्या तीन: तीनची, चारची, पाचची. दोनची जोडी लांब नाही, आणि सुटी घरं तर नाहीतच. हा भेद आत्ता किरकोळ वाटेल, पण माझा दुसरा बिघाड नेमका इथेच होता.

पहिला बिघाड: सगळं खाणं

त्या दिवशी मी काय केलं ते सांगते. सुटं घर दिलं, आत्याने घेतलं. तिला रेघ ओढायचीच होती, तिने दुसरं सुटं घर दिलं, ते मी घेतलं. मग मी दोनची जोडी दिली. तिने दोन्ही घरं घेतली आणि तिला तीनची साखळी उघडावी लागली. इथवर सगळं ठीक होतं. मी आनंदाने तीनही घरं घेतली. आणि घर घेतलं की रेघ ओढावीच लागते, म्हणून चारची साखळी मला उघडावी लागली.

आत्याने चारातली दोनच घेतली. उरलेल्या दोन घरांच्या मधली रेघ न ओढता तिने साखळीच्या पार टोकाची, उजव्या काठावरची रेघ ओढली. त्यामुळे शेवटची दोन घरं एक बंद डबा झाली. मधली एकच रेघ बाकी, ती ओढली की दोन्ही घरं माझी. मी ती ओढली, दोन घरं घेतली, पण पाळी अजून माझीच होती आणि कागदावर फक्त पाचची साखळी उरली होती. ती मला उघडावी लागली. तिने पाच घरं घेतली.

हिशेब: मी १ + ३ + २ = ६. आत्या १ + २ + २ + ५ = १०.

आता मागे या, तीनची साखळी उघडली त्या जागी. तेव्हा मी एकच घर घेऊन दोन सोडायला हवी होती. मग आत्याने ती दोन घेतली असती आणि चारची साखळी तिला उघडावी लागली असती. मी त्यातलीही दोन घेऊन दोन सोडली असती. तिने ती घेऊन पाचची उघडली असती आणि ती मी पूर्ण घेतली असती. मी १ + १ + २ + ५ = ९, आत्या १ + २ + २ + २ = ७. डाव तोच, मांडणी तीच, फरक फक्त तीनच्या साखळीत दोन घरं कमी घेण्याचा.

जिच्या हातात ही "तू उघड, मी घेते" अशी स्थिती असते तिच्याकडे ताबा आहे असं म्हणू. ताबा टिकवायची किंमत दर लांब साखळीमागे दोन घरं. शेवटची साखळी मात्र पूर्ण घ्यायची, कारण तिच्यानंतर उघडायला काही उरत नाही. शेवटच्या साखळीतही सवयीने दोन सोडणारे मी पाहिलेत.

दोन घरं सोडताना हातून होणारी एक बारीक चूक इथेच सांगते, कारण ती कळायला मला वेळ लागला. समोरच्याने साखळी टोकाकडून उघडली तर काम सोपं असतं: एका बाजूने खात यायचं आणि शेवटची दोन उरली की पलीकडची टोकाची रेघ ओढायची. पण हुशार माणूस चारची साखळी मधोमध उघडतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मधली रेघ ओढतो. आता दोन घरं एकदम समोर येतात, दुसरं आणि तिसरं. मी दोन्ही पटापट घेतली. मग डाव्या टोकाला एक घर आणि उजव्या टोकाला एक घर असं उरलं, दोन्हींना एकेकच रेघ बाकी. सोडायला जोडीच राहिली नाही. दोन्ही घेतली तरी पंचाईत, न घेतली तरी पंचाईत. म्हणून मधोमध उघडलेल्या साखळीची एक बाजू आधी पूर्ण संपवायची, दुसरं घर आणि पहिलं घर, आणि मग दुसऱ्या बाजूची जोडी जशीच्या तशी ठेवून तिचं टोक बंद करायचं.

दुसरा बिघाड: जोडी चुकीच्या जागी फोडणं

पुढच्या रविवारी आत्याने तीच मांडणी पुन्हा काढली. ती म्हणाली, "या वेळी बघू, काय करतेस ते." मी पक्कं ठरवून बसले होते की तीनच्या साखळीत एकच घेणार. सुटं घर दिलं, सुटं घर घेतलं, आणि दोनची जोडी द्यायची वेळ आली. खालचा उजवा कोपरा. या जोडीला तीन उघड्या रेघा असतात: वरच्या घराची उजवी बाजू, खालच्या घराचा तळ, आणि दोघांच्या मधली. मला वाटलं तीनही सारख्याच, दोन घरं जायचीच आहेत. मी उजव्या बाजूची ओढली.

आत्याने एकही घर घेतलं नाही. तिने तळाची रेघ ओढली. आता ती जोडी म्हणजे बंद डबा झाला. मी मधली रेघ ओढून दोन घरं घेतली आणि रेघ ओढायची पाळी माझीच. तीनची साखळी मला उघडावी लागली. तिथून पुढे आत्याने एक घेऊन दोन सोडली, दोन घेऊन दोन सोडली, शेवटची पाच घेतली. मी १ + २ + २ + २ = ७, ती १ + १ + २ + ५ = ९.

मी मधली रेघ ओढली असती तर दोन्ही घरं वेगवेगळी झाली असती, प्रत्येकाला स्वतःची एकेक रेघ. डबा करायला तिला जागाच मिळाली नसती. घरं घेऊन पुढची साखळी तिनेच उघडली असती. म्हणून नियम असा: जोडी द्यायची तर मधली रेघ ओढून द्या. टोकाची रेघ ओढणं म्हणजे समोरच्याच्या हातात निवड देणं.

हा बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. तुमची मोजणी बरोबर होती, लांब साखळी सुरू होण्याआधी तुमच्याकडे ताबा येणार होता, आणि तरी पहिली लांब साखळी तुम्हालाच उघडावी लागली, तर आधीच्या दोन-तीन रेघांमध्ये कुठेतरी दोनची जोडी टोकाकडून फुटली आहे.

मोजणी नेमकी कशाची

आता मुख्य भाग. ताबा कुणाकडे जाणार हे शेवटी ठरत नाही, बरंच आधी ठरतं, आणि ते मोजता येतं.

पंचवीस ठिपक्यांच्या या कागदावर एकूण रेघा ४०, घरं १६. रेघ ओढली की पाळी बदलते. घर बंद करणारी रेघ ओढली तर बदलत नाही. प्रत्येक घर वेगळ्या रेघेने बंद झालं तर १६ रेघांनी पाळी बदलणार नाही. ४० − १६ = २४ रेघांनी बदलेल. शेवटची पाळी घर घेऊनच संपते, ती एक धरली की एकूण २५ पाळ्या. म्हणजे जेवढे ठिपके तेवढ्या पाळ्या. ठिपके कितीही असोत, आयताकृती मांडणीत हे असंच निघतं.

पण डब्याची मधली रेघ एकदम दोन घरं बंद करते. तिच्यामुळे घर घेणारी एक रेघ कमी होते आणि पाळी एक वाढते. म्हणून एकूण पाळ्या म्हणजे ठिपके अधिक अशा दुहेरी रेघा. ताबा असलेला माणूस शेवटची सोडून प्रत्येक लांब साखळीत एक डबा सोडतो, म्हणजे दुहेरी रेघा लांब साखळ्यांपेक्षा एकने कमी. शेवटची पाळी ज्याची त्याच्याकडे शेवटची साखळी, म्हणजे ताबा.

वरच्या मांडणीत बरोबर खेळलं तर दुहेरी रेघा दोन, पाळ्या २५ + २ = २७, विषम, म्हणजे पहिल्याची. १८ पाळ्या आधीच झाल्या होत्या. एकोणिसावीला मी सुटं घर देते, सत्ताविसावीला पाचची साखळी घेते. बोटावर मोजून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा हे खरं वाटलं.

लक्षात ठेवायला एवढंच: ठिपके आणि लांब साखळ्या यांची बेरीज सम आली तर ताबा पहिल्या खेळाडूकडे, विषम आली तर दुसऱ्याकडे. म्हणून पाच बाय पाच ठिपक्यांवर पहिल्याने लांब साखळ्या विषम राहतील असं बघायचं, दुसऱ्याने सम. सहा बाय सहा ठिपक्यांवर, म्हणजे ३६ वर, उलट: पहिल्याला सम, दुसऱ्याला विषम.

हा खेळ फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवला. साखळ्यांचा हा हिशेब पूर्णपणे उलगडून मांडण्याचं श्रेय मात्र बर्कलीच्या एल्विन बर्लेकॅम्प यांना जातं. आत्याला यातलं कोणी माहीत नाही. ती मोजते, बस. लहानपणी भावंडांत खेळताना तिला कळलं होतं की साखळ्या तीन झाल्या की सुरुवात करणारा जिंकतो आणि दोन झाल्या की नाही. तिने नेहमी दुसरी पाळी घेतली आणि नेहमी दोन साखळ्यांसाठी धडपडली.

मोजताना चुकतं ते कशात? एक म्हणजे दोनच्या जोड्या साखळी म्हणून मोजल्या जातात. दुसरं म्हणजे कडं. चार किंवा जास्त घरं एकमेकांना गोल जोडलेली असतात आणि बाहेर कुठेच उघडत नाहीत, तेव्हा ते कडं. कडं या बेरजेत धरायचंच नाही. कारण कड्यात ताबा टिकवायला दोन नाही, चार घरं सोडावी लागतात, दोन डबे होतात, दुहेरी रेघा दोन वाढतात आणि सम-विषम जागच्या जागी राहतं.

तिसरा बिघाड: उशिरा मोजणं

हे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. पहिले दोन बिघाड दुरुस्त केल्यावर मी तीच मांडणी जिंकले, ९-७. आत्या हसली आणि म्हणाली, "आता एक रेघ मागे जा. माझी अठरावी रेघ काढून टाक."

तिची अठरावी रेघ होती वरच्या ओळीतल्या मधल्या घराच्या डोक्यावरची. ती पुसली की पाळी तिची, १७ रेघा झालेल्या, आणि वरच्या ओळीतल्या मधल्या घराला तीन वाटा उघड्या: वर थेट बाहेर, डावीकडे पहिल्या घरातून बाहेर, उजवीकडे तिसऱ्या घरातून बाहेर. ती वरची रेघ तिच्यासाठी बिनधोक होती, तिला काहीही द्यावं लागत नव्हतं. पण ती ओढली की तीनची लांब साखळी पक्की होते, लांब साखळ्या तीन होतात, आणि डाव माझा.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"एक घर द्यायचं," ती म्हणाली आणि तिने पहिल्या घराची डावी बाजू बंद केली. डाव्या वरच्या कोपऱ्यातलं घर माझ्यासमोर होतं, फुकट. मी घेतलं. आणि घेताना मी पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या मधली रेघ ओढली. वरच्या ओळीत आता फक्त दोनची जोडी उरली. लांब साखळी गेली.

पुढचा डाव आम्ही पूर्ण खेळलो. पाळी माझीच होती. मी सुटं घर दिलं, तिने घेऊन दुसरं दिलं. मी ते घेऊन खालची जोडी मधून फोडली, तिने दोन घरं घेऊन वरची जोडी मधून फोडली. मी ती दोन घेतली आणि समोर उरल्या चार आणि पाचच्या साखळ्या. चारची मला उघडावी लागली. तिने दोन घेतली, दोन सोडली. मी ती घेऊन पाचची उघडली. मी १ + १ + २ + २ = ६, आत्या १ + २ + २ + ५ = १०. पंचवीस ठिपके, एक दुहेरी रेघ, सव्वीस पाळ्या, शेवटची तिची. एक घर देऊन तिने ७-९ अशी जाणारी हार १०-६ अशा जिंकण्यात बदलली.

घरी आल्यावर मी तिने देऊ केलेल्या त्या घराला नाही म्हणता येतं का ते तपासलं. ते फुकटचं घर न घेता मी मधल्या घराच्या डोक्यावरची रेघ ओढली असती तर? तर तीनची साखळी बनली असती खरी, पण उघडी, आणि पाळी तिची. तिने तीनही घरं सरळ खाल्ली असती आणि तरी पुढे ताबा तिच्याचकडे गेला असता. म्हणजे ते घर घेण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

पण प्रत्येक बळी असा लागू पडत नाही, आणि इथे मी पुढचे दोन-तीन रविवार आपटले. मी दोन घरांचा बळी द्यायला लागले: साखळी अशी तोडायची की दोन घरं समोरच्याला मिळतील आणि बाकीची लांबी तीनच्या खाली येईल. आत्या ती दोन घरं घेतच नसे. ती त्यांचा डबा करून मलाच परत देई. मग दुहेरी रेघ एक वाढायची, सम-विषम पुन्हा फिरायचं आणि मी साखळी मोडून मिळवलेलं सगळं वाया जायचं. एकटं घर दिलं तर त्याचा डबा होऊ शकत नाही, त्याला एकच रेघ बाकी असते. म्हणून बळी शक्यतो एका घराचा द्यावा. दोन द्यायचीच वेळ आली तर ती एकमेकांना लागून उघडी नसावीत. रेघ ओढण्याआधी स्वतःला विचारायचं: हे घेण्याऐवजी तिला टोक बंद करून डबा करता येईल का? येत असेल तर तो बळी फुकट.

आणि वेळ. हा बळी सतराव्या रेघेनंतर चालला कारण मधल्या घराला तेव्हा तीन वाटा होत्या. तो तिठा होता. अठरावी रेघ पडली की तिठा संपतो, उरते ती सरळ साखळी, आणि सरळ साखळीतलं काहीही दिलं की अख्खी साखळी उघडी पडते. म्हणून मोजणी सुरू करायची ती बिनधोक रेघा साधारण सहा-सात उरल्या असताना. कागदावर एकच बाजू बंद असलेली घरं शोधायची, म्हणजेच तिठे, आणि प्रत्येक तिठ्याबद्दल विचारायचं की कुठली वाट बंद केली तर लांब साखळी बनते आणि कुठली केली तर नाही. मी आधी बिनधोक रेघा नुसत्या मोजत बसायचे, शेवटची कुणाच्या वाट्याला येते ते. साखळ्या किती होतात तिकडे लक्ष दिलं नाही तर ती मोजणी काही कामाची नाही.

ताबा कधी सोडायचा

ताबा टिकवणं हे ध्येय नाही, जास्त घरं मिळवणं आहे. हे नीट न कळल्यामुळे मी एकदा चांगला डाव घालवला. कागदावर शेवटी उरलं होतं चार घरांचं एक कडं आणि तीनची एक साखळी. आत्याने कडं उघडलं. मी नियम पाळला: कड्यात चार सोडायची. चार घरांच्या कड्यात चार सोडायची म्हणजे काहीच घ्यायचं नाही. तिने चारही घेतली, तीनची उघडली, मी तीन घेतली. ३-४. सरळ कडं खाऊन तीनची तिला दिली असती तर ४-३ माझं होतं.

याचा साधा हिशेब असा. साखळीत दोन घरं सोडण्याआधी बाकी कागदाकडे बघा: पुढचं सगळं समोरच्याने उघडलं तर मला त्याच्यापेक्षा किती घरं जास्त मिळतील? ती आघाडी दोनपेक्षा जास्त असेल तर दोन सोडा, नाहीतर सगळं खा. कड्यासाठी तीच आघाडी चारपेक्षा जास्त हवी. पहिल्या डावात तीनची साखळी उघडली तेव्हा पुढे चार आणि पाच होत्या. चारात दोघींना दोन-दोन, बरोबरी, पाचात माझी पाच. आघाडी पाच, दोनपेक्षा जास्त, म्हणून सोडणं बरोबर. कड्याच्या डावात पुढे फक्त तीन होती. आघाडी तीन, चारपेक्षा कमी.

तीनच्या साखळ्याच साखळ्या असतील तरी ताब्याचा फारसा फायदा होत नाही, हेही ध्यानात असू द्या. प्रत्येकीत एक घ्यायचं आणि दोन द्यायची, म्हणजे शेवटची सोडून प्रत्येकीत एक घर तोटाच. तीन-तीनच्या तीन साखळ्या असतील तर ताबा टिकवून ५-४ येतं आणि पहिली अख्खी खाल्ली तरी ५-४ येतं. म्हणून ताबा आपल्याकडे येणार असं दिसलं की साखळ्या लांब होऊ द्यायच्या, आणि तो समोरच्याकडे जाणार असेल तर त्या छोट्या तुकड्यांत मोडायच्या, कडी करायची. ताबा गेला तरी डाव गेला असं नाही.

गेल्या रविवारी पहिल्यांदा मीच म्हटलं, "आत्या, तू कर सुरुवात." तिने माझ्याकडे बघितलं, वहीवर पाच ठिपक्यांच्या पाच ओळी मांडल्या, आणि मग खाली आणखी एक ओळ वाढवली. तीस ठिपके, वीस घरं. आता पहिल्याला लांब साखळ्या सम हव्यात आणि दुसऱ्याला विषम. मी नव्याने मोजायला बसले.